देशोदेशीचे पाहुणचार : रिकामे ताट आणि 'शबिअत'

पानात काही टाकू नये, हा संस्कार जैन घरातील मुलाला अक्षरओळखीच्याही आधी मिळतो. कित्येक घरांत आजही जेवण आटोपल्यावर ताटात थोडे पाणी घेऊन ते बोटाने स्वच्छ करतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. अन्नाचा कण वाया जाऊ नये आणि उष्ट्यात जीवोत्पत्ती होऊ नये, हा त्यामागचा भाव. हाच संस्कार घेऊन एखादा व्यापारी अरब यजमानाच्या घरी जेवायला बसतो, तेव्हा मात्र एक विलक्षण पेच उभा राहतो. त्या घरात रिकामे ताट 'पोट भरले' असे सांगत नाही; 'अजून वाढा' असे सांगते. पाहुणा जितक्या निष्ठेने ताट स्वच्छ करतो, तितक्याच तत्परतेने यजमान ते पुन्हा भरतो. तिसऱ्या वेळी पाहुणा कासावीस होऊन हात आडवा धरतो, चेहऱ्यावर नकळत आठी उमटते, आणि ज्या घराने दोन दिवस खपून स्वयंपाक केला त्या घराला वाटते, यांना आपले अन्न रुचले नाही.

हा पेच दोन्ही बाजूंच्या चांगुलपणातून निर्माण होतो, म्हणून तो अधिक अवघड. त्यातून बाहेर पडण्याची वाट अरबी बोलण्यातच ठरलेली आहे. दुसऱ्या वाढीला नकार कसा द्यायचा, कोणत्या शब्दांनी, कोणत्या क्रमाने, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. परक्याला मात्र ते कोणी सांगत नाही, कारण हे सांगावे लागते असे कुणाच्या मनातच येत नाही.

अरब देश अनेक आहेत आणि बोलीही अनेक. येथे जॉर्डनची राजधानी अम्मान डोळ्यांसमोर ठेवली आहे. सिरिया, लेबनॉन आणि पॅलेस्टाईन या शेजारच्या प्रदेशांतील बोली आणि रीतभात अम्मानशी पुष्कळ जुळते, आणि दुबई-शारजातील बाजारपेठांत आपल्या व्यापाऱ्यांशी व्यवहार करणारे अनेक अरबी भाषिक याच प्रदेशांतून आलेले असतात. त्यामुळे अम्मानचे शब्द दुबईतही उपयोगी पडतात.

प्रथम नकाराचा अर्थ समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे पंगतीत वाढपी जिलबी घेऊन येतो तेव्हा पहिल्या 'नको'कडे तो लक्ष देत नाही, हे सर्वांना माहीत आहे. आग्रह हा आपल्याही रक्तातला. परंतु आपल्याकडे दुसऱ्या किंवा तिसऱ्या 'पुरे'ला, विशेषतः ताटावर हात धरला की, वाढपी पुढे सरकतो. अम्मानच्या घरात पहिला 'ला, शुक्रन', म्हणजे 'नको, आभारी आहे', हा नकार मानलाच जात नाही. तो पाहुण्याचा संकोच समजला जातो. पाहुण्याने संकोचाने नाही म्हणावे आणि यजमानाने तो संकोच मोडून काढावा, ही दोघांची ठरलेली भूमिका आहे. यजमानाने पहिल्याच नकारावर भांडे उचलून नेले, तर पाहुण्याला वाढायचे त्याच्या मनात नव्हते असा अर्थ निघेल. म्हणून तो पुन्हा विचारणारच. पाहुण्याने तेच 'शुक्रन' चार वेळा उच्चारले, तर यजमानाला चार वेळा संकोचच ऐकू येतो. शब्द बदलला, तरच अर्थ बदलतो.

आता एक प्रसंग समजून चालू. सोलापूरचा एक टॉवेल-व्यापारी सपत्नीक अम्मानला गेला आहे. तेथील आयातदाराने त्यांना शुक्रवारच्या दुपारच्या जेवणाला घरी बोलावले आहे. शुक्रवार हा सुट्टीचा दिवस. दुपारच्या नमाजानंतर, साधारण अडीच-तीनच्या सुमारास सारे कुटुंब एकत्र जेवते. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांना ही वेळ सोयीची असते. रात्रीचे निमंत्रण आले तर पाने नऊ-दहाच्या पुढेच मांडली जातात, हे लक्षात ठेवून ज्यांचा चौविहार असतो त्यांनी आधीच दुपारची, म्हणजे 'गदा'ची, वेळ सुचवावी. त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

निमंत्रण स्वीकारतानाच आणखी एक गोष्ट व्हायला हवी. एखादा पदार्थ मुळातच न खाणे आणि खाल्लेला पदार्थ दुसऱ्यांदा न घेणे, हे दोन अगदी वेगळे नकार आहेत. पहिला नकार ताटावर बसून देणे म्हणजे घरच्या गृहिणीची सर्वांसमोर पंचाईत करणे. तो आठवडाभर आधी द्यावा. 'मा बाकुल लहमे', म्हणजे 'मी मांस खात नाही', एवढे पुरेसे नसते; कारण तांदूळ मांसाच्या पाण्यात शिजवला असला तरी त्या घराच्या दृष्टीने तो केवळ भातच असतो. येथे एक जुना शब्द कामाला येतो. या प्रदेशातील ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वीच्या उपवासात मांस, अंडी, दूध वर्ज्य करतात. त्या काळातील स्वयंपाकाला 'सियामी' म्हणतात, आणि मुसलमान घरांतही हा शब्द ओळखीचा असतो. 'आमचे जेवण सियामी आहे' असे म्हटले की गृहिणीच्या डोळ्यांसमोर ऑलिव्ह तेलात शिजवलेली भेंडी, हिरव्या शेंगा, मसूर-भात असे पदार्थ आपोआप येतात. मात्र काही ठिकाणी उपवासात मासळी चालते, म्हणून मासळीही नको हे स्पष्ट सांगावे. कांदा आणि लसूण यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो : 'बला बसल, बला तूम'. हे धर्माच्या नियमामुळे आहे, हे सांगण्यात संकोच करू नये. आहाराचे धार्मिक नियम त्या समाजाला नवे नाहीत, आणि धर्माचे कारण एकदा ऐकले की त्यावर सहसा कोणी आग्रह करीत नाही.

सोलापूरच्या दांपत्याने हे सारे आधी कळवले आहे. टेबलावर भेंडी आहे, वांग्याचे भरीत आहे, साधा भात, दही घट्ट करून केलेली लबने, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, रोट्या आणि झाअतर. म्हणजे ओव्यासारख्या वासाच्या रानपाल्याची, तीळ घातलेली पूड, जी तेलात बुडवून रोटीशी खातात. यजमान म्हणतो, 'तफद्दलू', म्हणजे 'घ्या, सुरुवात करा'. या शब्दाने तो दारातून आत घेतो, खुर्ची दाखवतो आणि ताटही पुढे करतो.

खरी खबरदारी याच क्षणी घ्यावी लागते, कारण दुसरी वाढ टाळायची तयारी पहिल्या वाढीतच होते. यजमान पहिल्यांदा वाढताना डाव भरून वाढतो. त्या वेळी 'श्वय्ये, श्वय्ये' म्हणजे 'थोडे, थोडे' म्हणण्याला पूर्ण मुभा असते. पाहुणा सुरुवात करतो आहे, त्यामुळे त्यात नकार नसतो. जेवढी भूक असेल त्याच्या निम्मे पहिल्यांदा घ्यावे आणि उरलेले निम्मे दुसऱ्या वाढीसाठी राखून ठेवावे. कारण दुसरी वाढ ही घ्यायचीच असते. ज्या पाहुण्याने एकदाच घेतले आणि नंतर नाहीच म्हटले, त्याने किती का घेतलेले असेना, यजमानाच्या हिशेबात तो उपाशी उठला. दोनदा थोडे थोडे घेणारा मात्र पोटभर जेवला असे धरले जाते. म्हणून ज्या वाढीला खरोखर नकार द्यायचा, ती बहुधा तिसरी असते.

खाण्याचा वेगही सांभाळावा लागतो. व्यापारी घरांत जेवण झटपट उरकण्याची सवय असते. दुकान वाट पाहत असते. अम्मानच्या टेबलावर जो सर्वांत आधी संपवतो, त्याच्याकडे सर्व डाव वळतात. यजमान खातो आहे तोवर पाहुण्याच्या ताटात काही ना काही असलेच पाहिजे. यजमान मुद्दाम सावकाश खातो, कारण तो थांबला तर पाहुण्यालाही थांबावे लागेल, हे त्याला माहीत असते.

आता तिसरी वाढ. यजमान भेंडीचे भांडे उचलतो आणि म्हणतो, 'कमान श्वय्ये', म्हणजे 'आणखी थोडे'. सोलापूरचा व्यापारी 'नको' म्हणत नाही. तो म्हणतो, 'झाकी कतीर, यिस्लमू ईदेकुम'. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ, 'फार चविष्ट आहे'. पुढच्या दोन शब्दांचा, 'तुमचे हात सुखरूप राहोत'. ज्या हातांनी रांधले त्यांना दिलेला हा आशीर्वाद आहे. एकट्या गृहिणीला म्हणायचे तर 'ईदेकी'. पण 'ईदेकुम' हे अनेकवचन सर्वांना लागू पडते आणि परक्या पुरुषाच्या तोंडी ते अधिक शोभते. या वाक्याने भांडे परत जात नाही. पण नकाराआधी अन्नाची दाद दिली गेली, आणि 'आवडले नाही' ही शंका पहिल्याच फेरीत मिटली. पुढचे सारे सोपे होते ते यामुळे.

यजमान दुसऱ्यांदा म्हणतो, 'वल्लाह, मा अकल्त इशी!' म्हणजे, 'देवाशपथ, तुम्ही काहीच खाल्ले नाही!' पाहुण्याने दोन वेळा ताट भरून घेतलेले असले तरी हे वाक्य येतेच, म्हणून त्याचा शब्दशः प्रतिवाद करू नये. किती खाल्ले याचा हिशेब मांडणारा पाहुणा हसे करून घेतो. या वेळी उजवा हात छातीवर ठेवून, मान किंचित लववून म्हणायचे, 'अल्-हम्दुलिल्लाह, शबिअत'. 'शबिअत' म्हणजे 'मी तृप्त झालो'. स्त्री-पुरुष दोघांनाही हेच रूप चालते. 'अल्-हम्दुलिल्लाह' म्हणजे 'ईश्वराची स्तुती असो'. जेवण संपले की हे शब्द उच्चारण्याचा तिथे प्रघात आहे, आणि अरबी बोलणारे ख्रिस्तीही ते रोज म्हणतात. ते उच्चारले की जेवणाची सांगता झाली असे सूचित होते. पहिल्या 'शुक्रन'मध्ये संकोच ऐकू येत होता. यात निश्चय ऐकू येतो. ज्यांना परधर्मातील वचन उच्चारणे रुचत नसेल, त्यांनी केवळ 'शबिअत, यिस्लमू' म्हटले तरी चालते. वजन थोडे कमी पडते, पण छातीवरचा हात ती उणीव भरून काढतो.

येथे बहुतेक यजमान थांबतात. काही मात्र थांबत नाहीत. ते एक जुनी म्हण पुढे करतात : 'अल्-अकल अला कद्द अल्-महब्बे', जेवण हे प्रेमाच्या मापाने असते. म्हणजे कमी खाल्ले तर प्रेम कमी. याला उत्तर फक्त हसू. आणि मग येते ती शपथ : 'वल्लाह' म्हणून यजमान डाव ताटाच्या वर आणून धरतो, हे एवढे तरी खायलाच हवे. शपथ घातल्यावर भांडे रिकाम्या हाताने परत नेणे त्याला जड जाते, कारण चारचौघांत उच्चारलेला शब्द मागे घ्यावा लागतो. अशा वेळी पाहुण्याने हट्ट धरला तर दोघांचीही पत जाते. 'बस लुक्मे, अशानक', म्हणजे 'फक्त एक घास, तुमच्याखातर', असे म्हणून चमचाभर घ्यावे. शपथ पाळली गेली, यजमानाचा मान राहिला, आणि पोटावर ताणही पडला नाही. हा शेवटचा चमचा सामावेल एवढी जागा पोटात राखून ठेवणे, हा पहिल्या वाढीच्या हिशेबाचाच भाग आहे.

चमचाभर घेतल्यावर पाहुणा 'सुफ्रे दायमे' म्हणतो. सुफ्रा म्हणजे जेवणासाठी मांडलेली पंगत किंवा टेबल. ते 'सदैव असेच मांडलेले राहो'. हे जेवणाचे अखेरचे वाक्य आहे. यजमान उत्तर देतो, 'सहतेन', शब्दशः 'दुप्पट आरोग्य'. त्यावर पाहुणा म्हणतो, 'अला कल्बक', 'तुमच्याही हृदयाला लाभो'. 'सहतेन' ऐकू आले की नकार स्वीकारला गेला असे खुशाल समजावे. ते ऐकू आले नाही आणि यजमान अजून भांड्याकडे पाहत असेल, तर एक फेरी बाकी आहे.

आता रिकाम्या ताटाचा प्रश्न. ताटात टाकायचे नाही, आणि ताट रिकामेही दिसू द्यायचे नाही, हे दोन्ही कसे साधावे? सोलापूरची गृहिणी ते सहज साधते. ती शेवटचा घास, म्हणजे रोटीचा एक तुकडा आणि त्यावर थोडी भाजी, ताटाच्या कडेला तसाच राहू देते. 'शबिअत' म्हणताना तो घास तिथेच असतो, त्यामुळे डाव खाली येत नाही. 'सहतेन' झाले, भांडे जागेवर गेले, यजमानीण पाण्याचा पेला उचलू लागली, की ती तो घास शांतपणे तोंडात घालते. ताट स्वच्छ होते, आणि ते भरायला आता कुणी उरलेले नसते. ताटात पाणी घालून ते पिण्याची रीत मात्र त्या टेबलावर कुणाला उलगडणार नाही. तेथे रोटीच्या तुकड्याने ताट पुसून घेणेच बरे. ते तिथलेही लोक करतात.

मधल्या मोठ्या परातीत जे उरते, त्याची चिंता पाहुण्याने करू नये. जॉर्डनचा राष्ट्रीय पदार्थ 'मन्सफ' मांसाचा असतो. तो आपल्या वाचकांच्या वाट्याला यायचा नाही, पण त्याची रीत जाणून घेण्याजोगी आहे. तो एका भल्या मोठ्या परातीत मांडतात, प्रथम पाहुणे जेवतात आणि त्यांच्यानंतर घरातील इतर त्याच परातीत बसतात. परात संपवून टाकणारा पाहुणा मागच्यांच्या तोंडचा घास काढतो. सामायिक भांड्यातील अन्न कमी घेणे हे तिथे अन्न टाकणे नव्हे. टाकले जाते ते स्वतःच्या ताटातले.

चूक कुठे होते, हेही पाहिले पाहिजे. पहिली चूक शब्दाची. मराठीत आपण 'खलास' आणि 'बस' हे दोन्ही शब्द सर्रास वापरतो, आणि दोन्ही अरबी बोलीतही आहेत, म्हणून ते चटकन ओठांवर येतात. 'खलास' हा शब्द तर आपल्याकडे अरबीतूनच आला. परंतु तळहात पुढे करून उच्चारलेला 'खलास' तिथे 'आता पुरे करा' असा, मुलाला दटावल्यासारखा ऐकू येतो. 'बस' हा शब्द त्या बोलीत मुख्यतः 'फक्त' किंवा 'पण' या अर्थी वापरतात. 'बस लुक्मे' मधला 'बस' हाच. एकटा, तोडून म्हटलेला 'बस' कोरडा वाटतो.

दुसरी चूक कारणाची. सुटण्यासाठी अनेक जण प्रकृतीचे निमित्त सांगतात : साखर आहे, डॉक्टरांनी मना केले आहे. त्याने आग्रह थांबतो हे खरे. पण मग सारे घर काळजीत पडते, औषधे सुचवली जातात, आणि पुढच्या भेटीत पथ्याचे जेवण समोर येते. कारण खरे नसेल तर ते वर्षानुवर्षे निभवावे लागते. 'शबिअत' ला कारणाची जोड लागत नाही. ते खरे असावे, एवढेच. आणि पहिल्या वाढीला निम्मे घेतलेल्याला ते खरे करून घेणे अवघड नाही. ज्याचा त्या दिवशी खरोखरच उपवास आहे, त्याने 'अना सायिम', 'माझा उपवास आहे', असे आधी कळवावे. ताटावर बसल्यावर आठवलेला उपवास कुणालाच पटत नाही.

तिसरी चूक क्वचित होते, पण ती सर्वांत खोल जाते. पतीने नम्रपणे नाही म्हणावे आणि पत्नीने कंटाळून चेहरा फिरवावा, किंवा दोघांनी आपसांत मराठीत काही बोलून हसावे. ज्या भाषेतले शब्द कळत नाहीत, तिचा सूर अधिक कान देऊन ऐकला जातो.

जेवणानंतर फळे येतात, मग चहा, आणि शेवटी कॉफी. कॉफीचा नकार जेवणाच्या नकाराहून अगदी वेगळा आहे, कारण तो शब्दांनी द्यायचा नसतो. वेलदोडा घातलेली, साखर नसलेली ही अरबी कॉफी 'फिंजान' नावाच्या कानाशिवायच्या चिमुकल्या पेल्यातून देतात, आणि पेला तळाशी थोडासाच भरलेला असतो. काठोकाठ भरलेला पेला बदाऊनी रीतीत अपमान समजतात. पेला उजव्या हाताने घ्यावा. पहिला पेला नाकारू नये. ज्यांना कॉफी वर्ज्य आहे त्यांनी तेही आधीच कळवावे आणि पेला हातात घेऊन ओठांपाशी तरी न्यावा. कारण जुन्या रीतीप्रमाणे न पिता खाली ठेवलेला पेला म्हणजे पाहुणा काही मागणे घेऊन आला आहे, आणि ते मान्य झाल्याखेरीज तो पिणार नाही, अशी ती खूण असते. वधूपक्षाकडे मागणी घालायला किंवा तंटा मिटवायला गेलेली मंडळी आजही जॉर्डनमध्ये असेच करतात. मालाच्या थकलेल्या बिलाचा विषय चालू असताना सोलापूरच्या व्यापाऱ्याने सहज पेला तिवईवर ठेवला, तर त्याचा अर्थ त्याच्या कल्पनेपलीकडे जाऊ शकतो.

पेला रिकामा करून नुसता पुढे धरला की तो पुन्हा भरला जातो. तीन पेल्यांपर्यंत घेणे रीतीला धरून आहे. थांबायचे असेल तर रिकामा पेला बोटांत धरून मनगटाने दोन-तीनदा हलकेच हलवायचा आणि परत द्यायचा. वाढणारा एक शब्द न बोलता तो घेतो. जेवणाच्या टेबलावर तीन फेऱ्या लढवणारा यजमान येथे एका हालचालीवर थांबतो, याचे पाहुण्याला नवल वाटते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि कतार या 4 देशांची अरबी कॉफीची परंपरा 2015 मध्ये युनेस्कोच्या मानवी वारशाच्या यादीत गेली. पेला हलवण्याची ही खूण त्या देशांतही अशीच चालते.

तिकडे जेवणानंतरचे बोल मात्र बदलतात. आखातात तृप्त पाहुणा 'मा गस्सर्त' म्हणतो, म्हणजे 'तुम्ही काही उणे ठेवले नाही', आणि यजमान 'वाजिब', म्हणजे 'हे तर कर्तव्यच', असे उत्तरतो. जेवणानंतर ऊदाचा धूप फिरवला गेला की उठावे. धूपानंतर बसायचे नसते, अशी तिथे म्हणच आहे. अम्मानमध्ये जेवण होताच उठणारा पाहुणा घाईचा वाटेल, दुबईतील स्थानिक अरबाच्या घरी धूपानंतर रेंगाळणारा परका वाटेल. इजिप्तमध्ये जेवण संपवताना 'दायमन', म्हणजे 'सदैव', म्हणतात आणि यजमान 'बिल-हना वश-शिफा' म्हणून आनंद व आरोग्य चिंतितो. तिथे आणखी एक गमतीचा शब्दप्रयोग आहे : 'नावाड्यांचे निमंत्रण'. नदीच्या मध्यावरून जाणारा नावाडी काठावरच्याला 'या जेवायला' म्हणतो, तो येऊ शकणार नाही हे ठाऊक असून. वाटेत सहज भेटलेल्याने 'चला घरी' म्हटले तर ते असेही असू शकते; तिथे पहिला नकार हाच खरा नकार आणि तोच अपेक्षित.

अम्मानमध्ये कॉफीचा पेला परत देतानाही पाहुणा 'दायमे' म्हणतो, 'ही कॉफी सदैव राहो'. सोलापूरच्या व्यापाऱ्याने तो शब्द एव्हाना पाठ केलेला असतो. पण वर्षभराने त्याच आयातदाराचे वडील गेले आणि तो भेटायला गेला, तर तिथेही कडू कॉफीचा पेला हाती येतो, तोच पेला, तीच चव. तिथे तो प्यायचा, हलवून परत द्यायचा, आणि 'दायमे' हा शब्द ओठांवर येऊ द्यायचा नाही. दुःखाच्या घरात 'सदैव' म्हणत नाहीत. 'अल्लाह यिरहमो', 'ईश्वर त्यांच्यावर दया करो', एवढेच म्हणायचे आणि थोडा वेळ बसून उठायचे.